सकाळी घसा सोललेला, तोंड आंबट आणि रात्रभर घोरणं: दोष नेमका कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. उठल्या उठल्या घसा सोलल्यासारखा दुखतो, जिभेवर आंबट-कडू चव असते, दोन-तीनदा खाकरल्याशिवाय आवाज फुटत नाही. दहा-अकरा वाजेपर्यंत सगळं निवळतं, म्हणून दिवसभर विसरायला होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, वाफ हे सगळं करून झालेलं असतं. एक-दोनदा अँटिबायोटिकचा कोर्सही झालेला असतो. पित्ताची गोळी सुरू असते, ती घेतली की आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा मूळ पदावर. आणि घरातलं कुणीतरी सांगत असतं की तुमचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू येतं. पण घोरणं हा त्रास झोपेत इतरांना होतो, आपल्याला नाही, अशी समजूत असल्यामुळे डॉक्टरांसमोर त्याचा विषय निघतच नाही.

घशाचं औषध वेगळं, पित्ताचं वेगळं आणि घोरण्याकडे दुर्लक्ष, असे तीन तुकडे केल्यामुळेच हा त्रास परत परत येतो. तिन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच दोन-तीन तासांत घडत असतात. त्या एकमेकींना कशा धरून असतात हे कळलं की काय आधी दुरुस्त करायचं हेही कळतं.

झोपेत काय घडतं

जठर आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक झडप असते. ही झडप म्हणजे स्नायूंचं कडं. त्याला छातीचा पडदा बाहेरून आवळून आधार देतो. जागेपणीही ती अधूनमधून काही सेकंद सैल पडते आणि थोडं आम्ल वर येतं. निरोगी माणसालाही हे होतं, पण जाणवत नाही, कारण आपण मिनिटाला साधारण एकदा लाळ गिळतो. त्या गिळण्याने वर आलेलं आम्ल परत खाली ढकललं जातं आणि लाळेतला क्षार उरलेलं मारून टाकतो.

झोपेत ही सफाई जवळजवळ बंद पडते. लाळ सुटणं जवळजवळ थांबतं, गिळणं तासाला पाच-सहा वेळांवर येतं आणि गाढ झोपेत वीस-वीस मिनिटं एकदाही होत नाही. आडवं असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाची मदतही नसते. म्हणून दिवसा जे आम्ल मिनिटभरात खाली गेलं असतं, ते रात्री बराच वेळ अन्ननलिकेत पडून राहतं. अन्ननलिकेच्या वरच्या टोकाचं कडंही झोपेत सैलावतं, त्यामुळे थोडंसं आंबट पाणी स्वरयंत्रापर्यंत पोहोचायला वाट मोकळी असते. अन्ननलिकेच्या अस्तरापेक्षा स्वरयंत्राचं अस्तर फार नाजूक. छातीत जळजळ न होता नुसता घसा दुखू शकतो, तो यामुळे.

आता घोरण्याकडे येऊ. घोरणं म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ आणि घशाच्या भिंती यांचं थरथरणं. वाट अरुंद झाली की हवा वेगाने जाते आणि हे मऊ भाग फडफडतात. स्लीप अ‍ॅप्नियात वाट नुसती अरुंद होत नाही, ती मिटते. छाती आणि पोट हलत राहतात, श्वास ओढण्याचा प्रयत्न चालू असतो, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त असं झालं की त्याला एक अ‍ॅप्निया मोजतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू काही सेकंदांसाठी जागा होतो, घशाचे स्नायू ताठ होतात, मोठा घोर घेऊन श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही.

इथे एक स्पष्टीकरण सगळीकडे ऐकायला मिळतं: मिटलेल्या घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जबरदस्त शोषण तयार होतं आणि ते पोटातलं आम्ल वर खेचतं. यातला पहिला भाग खरा आहे. साध्या श्वासात छातीतला दाब थोडाच खाली जातो, तर अडलेल्या श्वासात तो पाण्याच्या उणे ५० सेंटिमीटरपेक्षाही खाली जाऊ शकतो. पण दुसरा भाग अर्धाच बरोबर आहे. झोपेत अन्ननलिकेतला दाब प्रत्यक्ष मोजला तेव्हा दिसलं, की श्वास अडलेला असताना खालची झडप उलट जास्त आवळली जाते, जणू ती त्या ओढीला तोंड देत असते. आम्ल वर येतं ते बहुतेक वेळा झडप आपणहून सैल पडते तेव्हा. आणि असं सैल पडणं गाढ झोपेत क्वचित होतं, जाग आल्यावर होतं. अ‍ॅप्नियाच्या रुग्णाला तासाला वीस-तीस वेळा अर्धवट जाग येत असते, म्हणजे दार उघडण्याची संधी तितक्या वेळा मिळते.

हा भेद नुसता पुस्तकी नाही. यावरून कळतं की पित्ताच्या गोळीने हा प्रश्न मुळातून का सुटत नाही. गोळी पोटातलं आम्ल कमी करते, जाग येणं थांबवत नाही आणि झडपही आवळत नाही. पोटातलं पाणी वर येतच राहतं, फक्त कमी आंबट असतं. त्यात पेप्सिन हे पाचकद्रव्य असतं आणि ते सौम्य आम्लातही थोडंफार काम करतं, त्यामुळे जळजळ थांबली तरी घसा कुरतडला जाऊ शकतो.

उलट्या दिशेनेही थोडं घडतं. अन्ननलिकेत आम्ल आलं की जाग येते, घशाच्या अस्तराला सूज येते. पण त्यावरून आम्ल कमी केलं की अ‍ॅप्निया जाईल असं मानू नये. गोळ्यांनी झोप थोडी सुधारते, श्वास अडण्याची संख्या जवळपास तशीच राहते. पोटावरची चरबी मात्र दोन्हीकडचं दुखणं वाढवते. ती जठर खालून दाबते, आणि मानेभोवतीची चरबी घसा बाहेरून दाबते. अनेकांत दोन्ही त्रास एकत्र दिसतात याचं एक मोठं कारण हेच सामाईक मूळ आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

घसा कशाने दुखतो हे ओळखणं

एकच घसा तीन वेगवेगळ्या कारणांनी दुखू शकतो: कोरडेपणा, घोरण्याचा मार आणि आम्ल. बहुतेकांत दोन तरी एकत्र असतात. त्यातलं मुख्य कुठलं हे घरीच पुष्कळसं कळतं.

नाक चोंदलं किंवा जबडा खाली पडला की रात्रभर तोंडाने श्वास चालतो. अशा घशाला कोरड असते, जीभ टाळूला चिकटते, ओठ सुकलेले असतात, उशीवर लाळेचा डाग असतो. दोन घोट कोमट पाणी प्यायलं, ब्रश केला, चहा झाला की अर्ध्या तासात हे दुखणं जवळपास जातं.

घोरण्याचा मार पाहायचा असेल तर आरसा आणि टॉर्च घ्या. उठल्यावर पाच मिनिटांच्या आत, पाणी पिण्याआधी, तोंड मोठं उघडून ‘आ’ करा आणि मध्ये लोंबणारी पडजीभ पाहा. रात्रभर फडफडलेली पडजीभ फुगलेली, लांबलेली, पाणी भरल्यासारखी चकचकीत दिसते, कधी जिभेच्या मागच्या भागाला टेकलेली असते, आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. त्याच दिवशी दुपारी चार वाजता पुन्हा पाहा. ती आखडून नेहमीसारखी झालेली असेल तर दोष रात्रीच्या थरथरीचा आहे. संसर्ग असता तर चार वाजता सूज इतकी उतरली नसती. दोन्ही वेळचा फोनवर फोटो काढून ठेवला तर डॉक्टरांना दाखवायला फार उपयोगी पडतो.

आम्लाचा घसा वेगळा वागतो. दुखणं कमी आणि चरचर जास्त असते. आवाज घोगरा असतो, सारखं खाकरावंसं वाटतं, कफ आहे असं वाटतं पण निघत नाही, आणि हे दुपारपर्यंत रेंगाळतं. तोंडात आंबट पाणी येऊन ठसका लागून मध्यरात्री उठणं ही याची जवळजवळ पक्की खूण. उशिरा जेवलेल्या रात्रीनंतरची सकाळ जास्त वाईट असेल तर संशय आणखी बळावतो.

श्वास अडतो का, हे ऐकून कळतं. फोन डोक्यापासून हातभर अंतरावर ठेवून ध्वनिमुद्रण सुरू करा, दोन-तीन रात्री. नुसतं सलग, तालात घोरणं असेल तर गोष्ट वेगळी. पण घोरता घोरता आवाज एकदम बंद, दहा-वीस सेकंद पूर्ण शांतता, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा घोर, असं पुन्हा पुन्हा असेल तर ती शांतता हाच आजार आहे. पहाटे तीन ते पाचचा भाग मुद्दाम ऐका. स्वप्नांची झोप या वेळेत जास्त असते, स्नायू सर्वात ढिले असतात आणि श्वास सर्वात जास्त तेव्हा अडतो. सोबतीने झोपणाऱ्या व्यक्तीने पाच मिनिटांचा व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं, कारण शांतता असताना पोट-छाती हलताना दिसतात.

याबरोबर सकाळी डोकं जड असणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, दुपारी बसल्या जागी डुलकी लागणं, औषध घेऊनही रक्तदाब चढलेला राहणं, आणि शिंपी वापरतो त्या टेपने गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर भरणं, यांपैकी तीन गोष्टी जरी जुळल्या तरी झोपेची तपासणी करून घ्यावी. भारतीय माणूस दिसायला फार जाड नसतानाही अ‍ॅप्निया असू शकतो. हनुवटी मागे असलेली, टाळू खाली उतरलेला, टॉन्सिल मोठे असलेली सडसडीत माणसंही यात सापडतात. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढतं, आणि त्यांची तक्रार अनेकदा घोरण्याची नसते तर झोप न लागण्याची आणि थकव्याची असते.

दुरुस्तीचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला दोन आठवडे द्या. एकाच रात्री उशी, गोळी, जेवण आणि नाकाचा फवारा सगळं बदललं तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. वहीत रोज तीनच नोंदी ठेवा: घसा दहापैकी किती दुखला, आंबट चव होती का, रात्री शेवटचा घास किती वाजता होता.

सुरुवात जेवणाच्या वेळेपासून करा. शेवटचा घास आणि पाठ टेकणं यांत तीन तास हवेत. इथे सगळ्यांचं गणित चुकतं, कारण जेवणानंतरचं दूध, फळ, मुखवास, आईस्क्रीम हे ‘जेवण’ धरलं जात नाही. जठराला ते कळत नाही. उशिरापर्यंत काम असलेल्यांनी साडेसातला डबा खाऊन घ्यावा आणि घरी आल्यावर गरज वाटली तर थोडं पातळ काही घ्यावं. दारू घेत असाल तर ती दोन्ही दारं एकदम सैल करते. खालच्या झडपेलाही ती ढिली पाडते आणि घशाच्या स्नायूंनाही. एरवी नुसता घोरणारा माणूस दारू घेतलेल्या रात्री श्वास अडवून घेतो. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. तपासणी न झालेल्या घोरणाऱ्याने त्या स्वतःहून सुरू करू नयेत. आधीपासून सुरू असतील तर एकदम बंदही करू नयेत, डॉक्टरांना घोरण्याबद्दल सांगून मग ठरवावं.

दुसरं, कूस. आपल्याकडे दुपारच्या जेवणानंतर वामकुक्षी, म्हणजे डाव्या कुशीवर लवंडणं, सांगितलेलं आहे. शरीररचनेच्या दृष्टीने ते अचूक आहे. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो, त्यामुळे डाव्या कुशीवर आम्लाचं तळं झडपेच्या खाली राहतं. उजव्या कुशीवर झडप त्या तळ्यात बुडते. आणि कुठल्याही कुशीवर जीभ मागे पडत नाही, त्यामुळे घसाही उताणं झोपण्यापेक्षा मोकळा राहतो. एकाच बदलात दोन्ही त्रासांवर काम होतं, असा हा दुर्मीळ उपाय आहे. झोपेत उताणं व्हायला होतं त्यासाठी जुन्या बनियनच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवा. पहिल्या चार-पाच रात्री जाग येईल, मग सवय होते.

तिसरं, पलंगाचं डोकं. डोक्याकडचे दोन्ही पाय १५ ते २० सेंटिमीटर उचलायचे, म्हणजे पाठीचा पूर्ण उतार तयार होतो. खाली लाकडी ठोकळे ठेवा, त्यांना वरून खाच पाडून घ्या म्हणजे पाय घसरणार नाहीत. विटा ठेवायच्या तर दोन्हीकडे सारख्या आणि न डुगडुगणाऱ्या. बॉक्सचा पलंग असेल किंवा जमिनीवर गादी असेल तर फोमची उतरती पाचर मिळते, ती कमरेपासून डोक्यापर्यंत पोहोचेल इतकी लांब घ्यावी. तीन उशा रचणं हा यावरचा उपाय नव्हे. त्याने फक्त मान पुढे वाकते, हनुवटी छातीला लागते आणि घसा आणखी चिमटतो. शिवाय पोट दुमडून त्यातला दाब वाढतो. उशा रचल्यापासून त्रास वाढला, असं म्हणणारे लोक बरोबर निरीक्षण करत असतात.

चौथं, गोळी घ्यायची वेळ. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, राबेप्रॅझोल या जातीच्या गोळ्या जठरातले आम्ल बनवणारे पंप बंद करतात, पण फक्त चालू असलेले. जेवणाने पंप चालू होतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास पोटात असायला हवी. रात्री जेवून झोपताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. हीच चूक सर्वात जास्त दिसते. त्रास रात्रीचा असेल तर एकच गोळी सकाळऐवजी रात्रीच्या जेवणाआधी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. अल्जिनेटचं पातळ औषध मात्र उलट, जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं. ते पोटातल्या अन्नावर सायीसारखं तरंगतं आणि आम्ल वर यायला अडथळा करतं. त्यावर पाणी प्यायलं की साय मोडते.

नाक चोंदलेलं असेल तर तेही याच टप्प्यात बघायचं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, त्यासाठी उकळून गार केलेलं पाणी वापरणं, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा नाकपुडीच्या बाहेरच्या बाजूकडे तोंड करून रोज मारणं. या फवाऱ्याचा परिणाम दोन-चार दिवसांत दिसत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. तोंडाला रात्री पट्टी चिकटवण्याचे व्हिडिओ सध्या फिरतात. नाक बंद असताना, अ‍ॅप्नियाची तपासणी झालेली नसताना, आणि रात्री आंबट पाणी वर येत असताना हे करू नये. ठसका लागला तर तोंड उघडता यायला हवं.

एक उदाहरण, आकड्यांसकट

हे एका विशिष्ट व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांत जे नेहमी दिसतं त्यावरून बांधलेलं उदाहरण आहे.

वय ४८, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, गळा ४२ सेंटिमीटर. दुकान रात्री साडेनऊला बंद, सव्वादहाला जेवण, पावणेअकराला झोप. पँटोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम, जेवल्यावर. वर्षात घशासाठी तीनदा अँटिबायोटिक. आठवड्यातून सहा दिवस सकाळी घसा दुखतो, पाच दिवस आंबट चव.

पहिले दोन आठवडे गोळी तशीच ठेवून फक्त जेवण साडेसातला दुकानावर आणलं. आंबट चव पाचावरून तीन दिवसांवर आली. पुढच्या दोन आठवड्यांत गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली. आंबट चव आठवड्यातून एक दिवस. पण घसा अजून सहा दिवस दुखतोच. इथे बरेच जण गोळीचा डोस दुप्पट करतात आणि इथेच वाट चुकते. आम्ल उतरलं, घसा उतरला नाही, याचा अर्थ घशाच्या दुखण्यात आम्लाचा वाटा लहान होता. सकाळी आरशात पडजीभ फुगलेली, चार वाजता नीट. ध्वनिमुद्रणात पंधरा ते पंचवीस सेकंदांच्या शांतता, पहाटे जास्त. म्हणून झोपेची तपासणी.

घरी करायच्या तपासणीत नाकाखाली एक नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा असतो. निकालात मुख्य आकडा म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला किंवा ठळकपणे कमी झाला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. या उदाहरणात एकूण आकडा २८, पण उताणं असताना ४१ आणि कुशीवर १२. झोपेचा साधारण ५५ टक्के भाग उताणा गेला म्हणून सरासरी २८ आली. ऑक्सिजन एकदा ७९ टक्क्यांपर्यंत उतरला होता. कूस बदलून केवढा फायदा होईल हे या फरकातून थेट दिसतं, पण १२ म्हणजेही निरोगी नव्हे, म्हणून नुसत्या चेंडूवर भागणार नाही. अहवालात उताणं आणि कुशीवरचे आकडे वेगळे दिलेले नसतील तर मागून घ्या. घरच्या तपासणीत मेंदूच्या लहरी मोजत नसल्यामुळे ती आकडा थोडा कमी दाखवू शकते. लक्षणं ठळक असून अहवाल निर्दोष आला तर प्रयोगशाळेतली रात्रभराची तपासणी लागते.

उपाय सीपॅप ठरला. हे यंत्र मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा मिटू देत नाही. दाब यंत्राने स्वतः ठरवायचा, पाण्याच्या ६ ते १४ सेंटिमीटरच्या दरम्यान. या दाबाचा आम्लावरही परिणाम होतो: छातीतला दाब वाढल्यामुळे आम्ल वर यायला प्रतिकार होतो, आणि जाग येणंही कमी होतं. मात्र अ‍ॅप्निया नसलेल्यांतही सीपॅपने आम्ल वर येणं घटतं, म्हणून सीपॅपने पित्त बरं वाटलं म्हणजे ते अ‍ॅप्नियामुळेच होतं, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पहिल्या आठवड्यात यंत्रावर उरलेला आकडा ३.५ दिसत होता, दिवसाची झोप गेली होती, पण घसा आणखी कोरडा. इथे लोक यंत्र कपाटात ठेवतात. कारण साधं होतं: नाक चोंदलेलं, म्हणून तोंड उघडं पडायचं आणि नाकाच्या मास्कमधली हवा तोंडावाटे निसटायची. यंत्रावर गळतीचा आकडा रात्रीच्या उत्तरार्धात चढलेला दिसला की हे ओळखावं. दमटपणा २ वरून ४ वर नेला, टाकीत रोज ताजं डिस्टिल्ड पाणी, नाकाचा फवारा चार आठवडे. नाकाने भागलं नसतं तर हनुवटीचा पट्टा किंवा तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क हा पुढचा पर्याय होता. काहींना याउलट पोट फुगून ढेकर येतात, कारण दाबाची हवा अन्ननलिकेत शिरते, आणि फुगलेलं पोट झडप सैल करून आम्ल वाढवतं. तेव्हा दाब कमी करता येतो का, डोकं उंच केल्याने आणि डाव्या कुशीने कमी दाब पुरतो का, हे डॉक्टरांबरोबर तपासावं. स्वतः दाब बदलू नये.

सहाव्या आठवड्यात घसा आठवड्यातून एखाद्या दिवशीच दुखत होता. तो दिवस नोंदवहीत पाहिला तर प्रत्येक वेळी एकच गोष्ट होती: पहाटे तीनच्या सुमारास लघवीला उठताना मास्क काढला आणि परत लावला नाही. म्हणजे श्वास सर्वात जास्त अडणारे दोन-तीन तास उघडे राहिले. मास्क न काढता नळी सांध्यातून सोडवून उठायचं आणि परत जोडायची, एवढ्याने ते थांबलं. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केली. एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळून येतं आणि आजार परतला असं वाटतं, म्हणून ती टप्प्याटप्प्याने उतरवायची. वजन ८४ वरून ७६ आलं तर पुन्हा तपासणी करायची असं ठरलं. दहा टक्के वजन उतरलं की श्वास अडण्याची संख्या साधारण चौथ्या हिश्शाने घटते, पण २८ चा चौथा हिस्सा गेला तरी २१ उरतात. वजन कमी करून मग यंत्राचं बघू, हा बेत मध्यम आणि तीव्र अ‍ॅप्नियात म्हणूनच चालत नाही.

या पानावर थांबू नये अशा खुणा

घास अडकणं, गिळताना एकाच बाजूला दुखणं किंवा तीच कळ कानात जाणं, तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी, गळ्यात न दुखणारी गाठ. तंबाखू, गुटखा किंवा मिश्री चालू असेल तर यातली एकही खूण दिसताच दोन आठवडे प्रयोग करत बसू नका, त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ते पित्त समजून सोडा-लिंबू घेत थांबू नये, आधी ईसीजी. आणि गाडी चालवताना डुलकी लागत असेल तर तपासणी आणि उपचार सुरू होईपर्यंत, विशेषतः रात्रीच्या लांबच्या प्रवासात, चाक दुसऱ्याच्या हाती द्या.